गंजलेली विळी टाकू नका

पावसाळ्यात विळीचे पाते तांबडे पडले, म्हणून ती माळ्यावर टाकू नका. गंज वरवरचा असेल तर एका रात्रीत निघतो.

विळीचा पाट लाकडी असतो, म्हणून ती बुडवून ठेवू नका. जुन्या सुती फडक्याची पट्टी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवा आणि धार सांभाळून पात्याला गुंडाळा. वरून प्लास्टिकची पिशवी बांधा, म्हणजे फडके सुकणार नाही. रात्री बांधलेत तर सकाळी सोडा. जास्त दिवस ठेवलेत तर आंबट पाणी गंजाबरोबर लोखंडही खाते.

सकाळी पात्यावर काळपट चिखल दिसेल. तो सुटलेला गंजच आहे. काथ्याने पाठीकडून धारेकडे घासा आणि धुवा.

पुष्कळांचे इथेच चुकते. धुतलेली विळी तशीच भिंतीला टेकवतात आणि तासाभरात पाते पुन्हा तांबूस होते. कारण त्यावर आंबटपणा आणि ओल दोन्ही राहिलेले असतात. म्हणून पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला आणि त्याने पाते पुसा. पुन्हा धुवा, कोरड्या फडक्याने पुसा, थोडा वेळ उन्हात ठेवा. वाळवण्यासाठी गॅसवर मात्र धरू नका, धारेचे पाणी उतरते.

मग खोबरेल तेलाचे दोन थेंब पात्यावर चोळा आणि जास्तीचे पुसून घ्या. तेल जाड राहिले तर चिकट होते आणि धूळ धरते. पांढरे फडके फिरवून पाहा. त्यावर तांबूस उमटले तर अजून गंज आहे, पुन्हा बांधा.

कोयता, खुरपे यांनाही हाच उपाय. त्यांना मशीनचे तेल चालते, विळीला नको, तिच्यावर तुमची भाजी चिरली जाते. खुरप्याला खत लागले असेल तर त्याच दिवशी धुवा. खताच्या क्षाराने गंज लवकर चढतो.

आता स्टीलची भांडी. ताटावरचे तांबूस ठिपके बहुतेकदा ताटाचे नसतातच. लोखंडी तारेच्या घासणीचे बारीक तुकडे चिकटून राहतात आणि तेच गंजतात. नाहीतर ओला तवा रात्रभर ताटावर पडलेला असतो. सोड्यात थोडे पाणी घालून दाटसर लेप करा, ठिपक्यांवर पंधरा मिनिटे ठेवा आणि मऊ फडक्याने घासा. राहिले तर लिंबाची फोड चोळून लगेच धुवा.

मग त्या जागेवरून नख फिरवा. खळगा लागला तर स्टीलच खाल्ले गेले आहे. डाग गेला तरी तिथे परत येईल. अशा डब्यात मीठ, चिंच, लोणचे ठेवू नका, कोरडी डाळ ठेवा.

कपड्यांचे ब्लीच स्टीलला लावू नका, त्यानेही खळगे पडतात. ब्लीच आणि व्हिनेगर तर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

रात्री ओटा आवरताना तवा आणि विळी आधी पुसा, मगच बाकीची भांडी निथळायला ठेवा.