मृत्युपत्राचे वाचन : पाच रकाने

ढोकीच्या बाजारपेठेतील एका आडत व्यापाऱ्याचे कुटुंब कल्पनेत आणावे. उठावण्यानंतर तिजोरीतून वडिलांचे चार पानी मृत्युपत्र निघते. तिसऱ्या कलमात लिहिलेले असते, ‘दुकान थोरल्या मुलास द्यावे’, तर नवव्यात, ‘दुकान दोन्ही मुलांस समान’. थोरला पहिले पान पुढे करतो, धाकटा शेवटचे, आणि आई मध्ये गप्प बसते.

अशा वेळी वाद थांबवून कोऱ्या कागदावर पाच रकाने आखावेत : लाभार्थी, मिळकत, व्यवस्थापक, अटी आणि विसंगती. प्रत्येक नोंदीपुढे कलमाचा क्रमांक लिहावा. शब्द मृत्युपत्रातील असावेत. आपला अर्थ त्यात मिसळू नये.

येथे काका व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमलेले आहेत. ते मालक नव्हेत. मिळकत ताब्यात घेणे, आधी व्यापाऱ्याचे देणे फेडणे आणि उरलेले मृत्युपत्राप्रमाणे वाटणे हे त्यांचे काम. देणे मोठे असेल तर लाभार्थींचे वाटे कमी होतात. वडिलोपार्जित एकत्रित मिळकतीत वडिलांना केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते, हेही मिळकतीच्या रकान्यात नोंदवावे.

चौथ्या कलमात ‘घर धाकट्यास’, तर सहाव्यात ‘पत्नीने तहहयात घरात राहावे’, असे आहे. ही विसंगती नव्हे, ही अट आहे. आई हयात असेतो तिचा राहण्याचा हक्क आणि त्यासह धाकट्याची मालकी, असा अर्थ लावला की दोन्ही कलमे टिकतात. दुकानाचे तसे होत नाही. संपूर्ण मृत्युपत्र एकत्र वाचूनही दोन कलमांचा मेळ बसत नसेल, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ८८ नुसार नंतरचे कलम प्रभावी ठरते. म्हणजे दुकान दोघांचे.

आठव्या कलमात मुदतठेव आईस दिली आहे, परंतु बँकेत नामनिर्देशन मुलीचे आहे. बँक रक्कम मुलीच्या हाती देईल. मालकी मात्र मृत्युपत्राने ठरेल. कालनिर्णयकर्ते जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही हेच तत्त्व मान्य केले.

मृत्युपत्र नोंदणीकृत नसले तरी चालते, पण दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्याच लागतात. ढोकीतील मिळकतीसाठी प्रोबेट सक्तीचे नाही. सही वा मजकूर यावर कुणाचा आक्षेप असेल, तर मात्र न्यायालयाखेरीज निकाल लागत नाही.

वकिलाकडे जाताना मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला आणि हा पाच रकान्यांचा कागद सोबत न्यावा. कोणत्या दोन ओळींमध्ये प्रश्न अडला आहे, हे त्यावरून थोरल्याला आणि धाकट्याला सारखेच दिसते.