सातपुड्यातल्या मुलांची उंची : दोष डोंगराचा किती?

शिरपूरच्या बाजारात डोंगरातल्या पाड्यांवरून आलेली माणसं दिसली की एक वाक्य हमखास कानावर येतं, ‘वरची माणसं बुटकीच असतात, हवाच तशी.’ अंगणवाडीत मुलाची उंची कमी भरली, तरी हेच कारण पुढे केलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अगदी थोडं. किती थोडं, ते मोजून सांगता येतं.

उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही कमी मिळतो. याचा परिणाम गर्भापासून सुरू होतो. दर हजार मीटर चढाला बाळाचं जन्मवजन सरासरी शंभरेक ग्रॅमने घटतं, असं अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या अभ्यासात दिसलं. पुढे हाडांची वाढही मंदावते. पेरूमध्ये अँडीज पर्वतातल्या मुलांची मापं घेतली, तेव्हा नडगी आणि कोपराखालचा हात आखूड आढळला. हाता-पायाचे पंजे मात्र फारसे कमी नव्हते. म्हणजे शरीर सगळीकडे सारखी कपात करत नाही. तिथली मुलं वीस वर्षांच्या आसपासपर्यंत सावकाश वाढत राहतात, छाती रुंद होते, पण मोठेपणीही उंची मैदानातल्या लोकांपेक्षा कमीच राहते. मोठा झाल्यावर डोंगरात राहायला गेलेल्याची उंची मात्र घटत नाही. हाडांची वाढ तोवर थांबलेली असते.

पण ती वस्ती चार हजार मीटरवरची. आपल्याकडचं काय? शिरपूर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आत आहे. शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास, आणि शिरपूर तालुक्यातले बहुतेक पाडे त्याच्याही खाली. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरच. भारतातल्या पाच वर्षांखालील मुलांच्या आकडेवारीवरून २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हजार मीटरखालच्या मुलांच्या तुलनेत खुजेपणाचं प्रमाण ठळकपणे जास्त दिसलं, ते दोन हजार मीटर आणि त्यावरच्या मुलांत. तेवढ्या उंचीवर महाराष्ट्रात जागाच नाही.

आता हिशेब करू. काले हिरवोनेन आणि कालेब बाये यांनी ५९ देशांतल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष मांडला. वयानुसार उंचीचा जो प्रमाणित गुण असतो, तो दर हजार मीटर चढाला ०.१६ ने घटतो. दोन वर्षांच्या मुलग्यासाठी हा एक पूर्ण गुण म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर. म्हणजे शिरपूर आणि तोरणमाळ यांच्यातला फरक निघतो सुमारे अर्धा सेंटिमीटर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलग्याची मधली उंची ८७ सेंटिमीटर आहे. ८१ च्या खाली गेला तर तो खुजा ठरतो. तोरणमाळच्या एखाद्या मुलाची उंची ८० भरली, तर सात सेंटिमीटरच्या तुटीत डोंगराचा वाटा अर्ध्या सेंटिमीटरचा. उरलेली साडेसहा सेंटिमीटर कुठे गेली, हा खरा प्रश्न. काही वाटा आई-वडिलांच्या ठेवणीचा असेलही, पण एका मुलाचं नव्हे, पाड्यातल्या निम्म्या मुलांचं माप असं भरत असेल, तर आईचं रक्त आणि वजन, बाळंतपणातलं अंतर, सहा महिन्यांनंतर सुरू व्हायला हवा तो वरचा आहार, वारंवारची हगवण आणि ऊसतोडीला किंवा कामाला गेलेल्या कुटुंबाची बुडालेली अंगणवाडी इथेच शोध घ्यावा लागतो.

यात एक गंमत आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून मोजतात, त्यापुढे उभं करून. एकाच मुलाचं आडवं माप उभ्यापेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं. म्हणजे चुकीच्या पद्धतीने माप घेतलं, तर तोरणमाळच्या अख्ख्या चढापेक्षा मोठा फरक एका नोंदीत पडू शकतो. टाच पट्टीला टेकली नाही, गुडघा वाकला, केसांचा अंबाडा मध्ये आला, तरी तेच. म्हणून हवेकडे बोट दाखवण्याआधी मोजपट्टी तपासावी. एका महिन्यात मुलाची उंची आधीच्या नोंदीपेक्षा कमी दिसली, तर चूक मापात आहे. मूल आखडत नसतं.

गरिबी आणि उंची एकत्र आली की वेगळं करणं अवघड जातं, हे खरंच. पेरूतल्या नुन्योआ या चार हजार मीटरवरच्या गावात १९६० च्या दशकात मुलांची मापं घेतली होती, तशीच पुन्हा १९९९ मध्ये घेतली. मुलं आधीपेक्षा उंच झाली होती, तरी मैदानातल्या मुलांइतकी नव्हती. डोंगर तोच होता, हवाही तीच.