गरोदरपणात प्लेटलेट कमी आल्या? बीपी आणि लिव्हरची तपासणी त्याच दिवशी करा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गर्भवती, त्यांच्या सासर-माहेरची माणसे आणि आशाताईंना तातडीचे आवाहन.

आठव्या महिन्यातल्या रिपोर्टवर प्लेटलेट दीड लाखाच्या खाली दिसल्या की कुणी पपईच्या पानांचा रस सुरू करतं, तर कुणी ‘अशा दिवसांत होतंच’ म्हणून कागद ठेवून देतं. दोन्ही करू नका. ताप असेल तर डेंग्यू तपासा. पण ताप नसला तरी प्रश्न संपत नाही.

समजा, दोन गर्भवती आहेत आणि दोघींच्याही प्लेटलेट 1 लाख 10 हजार आहेत. पहिलीला काही त्रास नाही. बीपी 110/70, लघवीत प्रोटीन नाही, एसजीओटी, एसजीपीटी आणि एलडीएच नॉर्मल. तिसऱ्या महिन्यात प्लेटलेट 2 लाख होत्या. आठवड्याने पुन्हा मोजल्या तर जवळपास तेवढ्याच. ही बहुधा गरोदरपणामुळे झालेली साधी घट. तिला औषध लागत नाही, ठरावीक दिवसांनी मोजणी लागते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आकडा पूर्ववत होतो.

दुसरीला उजव्या बरगडीखाली दुखतंय, मळमळतंय. घरचे म्हणतात, पित्त झालंय. बीपी 138/88, म्हणजे फार वाढलेलंही नाही. पण एसजीओटी 140, एलडीएच 720, आणि बारा तासांनी प्लेटलेट 72 हजार. हा हेल्प सिंड्रोम: रक्तपेशी फुटतात, लिव्हरला इजा होते, प्लेटलेट झपाट्याने घसरतात. यावर खरा उपाय प्रसूती हाच; सोबत झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट आणि बीपीची औषधं दिली जातात. नुसत्या प्लेटलेट चढवून हा आजार थांबत नाही. बीपी नॉर्मल असतानाही तो होऊ शकतो, म्हणून बीपी पाहून निर्धास्त होऊ नका.

एकट्या आकड्यावरून या दोघी ओळखता येत नाहीत. म्हणून बाळंतपणाला माहेरी जाताना पहिल्या तीन महिन्यांचा रक्ताचा रिपोर्ट फाईलमध्ये सोबत न्या. आधीचा आकडा नसेल तर डॉक्टरांचा एक मोठा आधार जातो.

पोटाच्या वरच्या भागात दुखणं, उलट्या, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. जत, आटपाडी, माण, पाटणच्या वाड्यावस्त्यांवरून निघताना रक्तपेढी आणि रात्रीही सिझेरियनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं आहे, हे आधीच ठरवा. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालयं त्यासाठीच आहेत.

बाळ झालं म्हणून धोका टळला असं समजू नका. हेल्प सिंड्रोम झालेल्या साधारण तीनपैकी एका बाईत तो बाळंतपणानंतर, बहुतेकदा पहिल्या 48 तासांत दिसतो. बाळंतिणीचं पोट दुखलं, तर पित्ताची गोळी देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.