दोन आया, दोन बाप आणि तुलनेचा प्रश्न

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेत समलिंगी जोडप्यांच्या हक्कांवर चर्चा होती. लग्नाच्या हक्कापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मुलांचा विषय निघाला तसा एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "ताई, मी कुणाच्या विरोधात नाही. पण दोन आयांनी किंवा दोन बापांनी वाढवलेल्या मुलांचं नुकसान होतं, हे अमेरिकेतल्या संशोधनातच सिद्ध झालंय." त्याने मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला. अशी मुलं जास्त बेरोजगार असतात, जास्त निराश असतात, वगैरे.

मजकूर खोटा नव्हता, तसं संशोधन खरोखर आहे. म्हणून "हा सगळा अपप्रचार आहे" असं म्हणून मला त्याला गप्प करायचं नव्हतं. ते संशोधन नेमकं कसं झालं, ते इथे मांडते. आपल्यासारख्या घरातल्या पहिल्या पदवीधरांना यातली मेख ओळखता यायला हवी, कारण तीच मेख आपल्याविरुद्धही वापरली जाते.

हे संशोधन टेक्सास विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मार्क रेग्नेरस यांचं, २०१२ साली प्रसिद्ध झालेलं. त्यांनी १८ ते ३९ वयाच्या २,९८८ अमेरिकन व्यक्तींना प्रश्न विचारले. त्यातला कळीचा प्रश्न असा होता : तुम्ही लहान असताना तुमच्या आईचे किंवा वडिलांचे समलिंगी व्यक्तीशी कधी प्रेमसंबंध होते का? १६३ जणांनी आईबद्दल 'हो' म्हटलं, ७३ जणांनी वडिलांबद्दल. या २३६ जणांची तुलना झाली ती जन्मापासून सख्ख्या आईवडिलांच्या न मोडलेल्या संसारात वाढलेल्यांशी. अनेक बाबतींत पहिला गट मागे दिसला आणि त्याची बातमी जगभर गेली.

आता तो प्रश्न पुन्हा वाचा. 'कधी' संबंध होते का, एवढंच विचारलं आहे. मुलाला कुणी वाढवलं, हे त्यातून कळत नाही. पुरुषाशी लग्न झालेल्या एखाद्या बाईचा संसार मोडला, मूल आजीकडे राहिलं आणि आईचे चार महिने एका स्त्रीशी संबंध होते, तर ते मूलही याच गटात गेलं. आईबद्दल 'हो' म्हणणाऱ्यांपैकी आई आणि तिची जोडीदार या दोघींसोबत किमान चार महिने राहिलेले ५७ टक्के होते. किमान तीन वर्षं राहिलेले फक्त २३ टक्के, म्हणजे जेमतेम ३७ जण. पूर्ण बालपण दोन आयांसोबत काढलेले दोघंच निघाले.

म्हणजे एका बाजूला घटस्फोट, स्थलांतर, बदलती घरं सोसलेली मुलं होती आणि दुसऱ्या बाजूला अखंड संसारातली. त्यांच्यात फरक दिसला यात नवल नाही. पण तो फरक संसार मोडल्याचा आहे. त्यावर 'समलिंगी पालकत्व' ही पाटी चुकीची लागली.

तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, सायमन चेंग आणि ब्रायन पॉवेल या दोन समाजशास्त्रज्ञांनी हीच माहिती उघडून एकेक उत्तर तपासलं. त्यांना त्यात एक पंचवीस वर्षांचा माणूस सापडला. त्याने स्वतःची उंची सात फूट आठ इंच, वजन जेमतेम चाळीस किलो, लग्नं आठ आणि मुलंही आठ सांगितली होती. उघड थट्टा होती, पण तीही वडिलांच्या गटात धरून मोजली गेली होती. ज्यांनी पालकाच्या समलिंगी जोडीदारासोबत कधी घर केलंच नव्हतं, असेही त्या गटात बरेच होते. अशा नोंदी वेगळ्या काढल्यावर गटांमधले बहुतेक फरक विरून गेले. त्याआधी, २०१४ मध्ये, मिशिगनच्या संघीय न्यायालयाने रेग्नेरस यांची साक्ष अजिबात विश्वासार्ह नाही असं निकालात नोंदवलं होतं.

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांचे पहिल्या सत्रातले गुण प्राध्यापकांच्या मुलांच्या गुणांशेजारी ठेवायचे आणि मग "यांची कुवतच कमी" असं म्हणायचं. घरात पुस्तक होतं का, शिकवणीला पैसे होते का, सुट्टीत कामावर जावं लागत होतं का, हे विचारायचंच नाही. परिस्थितीने पडलेला फरक ओळखीच्या माथी मारायचा. आपल्याबाबतीत ही लबाडी आपल्याला लगेच कळते. दुसऱ्याबाबतीतही ती कळायला हवी.

मग तुलना नीट कशी करायची? जन्मापासून दोन आयांकडे किंवा दोन बापांकडे असलेली मुलं घ्यायची, स्वतःहून पुढे आलेली कुटुंबं नव्हे तर सगळी घ्यायची आणि पालकांचं उत्पन्न, वय, शिक्षण हिशोबात धरायचं. नेदरलँड्समध्ये हे करता आलं. तिथे २००१ पासून समलिंगी विवाह कायदेशीर आहे आणि प्रत्येक मुलाची घराची व शाळेची नोंद सरकारदरबारी असते. डेनी मझरेकाय आणि सहकाऱ्यांनी २०२० साली या नोंदींवरून समलिंगी जोडप्यांच्या २,९७१ मुलांची तुलना दहा लाखांहून अधिक इतर मुलांशी केली. जन्मापासून समलिंगी जोडप्याकडे वाढलेली मुलं प्राथमिक शाळेच्या शेवटच्या चाचणीत थोडी पुढेच होती. माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्यातही शंभरामागे सुमारे पाच मुलांनी पुढे होती.

इथे उलट्या दिशेने वाहून जायचं नाही. दोन आया असल्या की मूल हुशार होतं, असा याचा अर्थ नाही. समलिंगी जोडप्याला मूल अपघाताने होत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं ठरवावं लागतं आणि उपचारांना बराच पैसा लागतो. त्यामुळे हे पालक सरासरीने जास्त वयाचे, जास्त शिकलेले आणि सुस्थितीतले निघतात. हे सगळं हिशोबात धरलं की अंतर कमी होतं, पण मुलं मागे पडलेली दिसत नाहीत. शिवाय त्या २,९७१ मुलांत दोन बापांची फक्त १८५ होती. म्हणून बापांच्या जोडप्यांबद्दल बोलताना आवाज जरा खालीच ठेवलेला बरा.

सभेत आणखी तीन शंका आल्या. पहिली, "बाप नसेल तर मुलाला वळण कोण लावणार?" ही शंका ज्या घरातून आली, त्या घरात बाप वर्षातले सहा महिने ऊसतोडीला असतो आणि मूल आजी व मावशीच्या हाताखाली वाढलेलं आहे. वळण वेळ दिल्याने लागतं. मूल रडलं तर कुणी उचललं, वही कुणी पाहिली, घरात रोज भांडण होतं की नाही, पोटाला मिळतं की नाही, यावरून मुलाचं पुढचं बरंच ठरतं, असं बालविकासाचे अभ्यास पुन्हा पुन्हा दाखवतात. पालक स्त्री की पुरुष, यावरून त्या मानाने फारच थोडं ठरतं.

दुसरी शंका, "मुलंही तशीच होतील का?" अमेरिकेत १९८६ पासून नॅनेट गार्ट्रेल यांचा गट लेस्बियन आयांच्या मुलांचा जन्माआधीपासून पाठपुरावा करत आहे. पंचविशीत पोचलेल्या या मुलांपैकी बहुतेकांनी आपण भिन्नलिंगी असल्याचं सांगितलं. समलिंगी आकर्षण वाटल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण मात्र इतर तरुणांपेक्षा जास्त होतं, हेही लपवायचं कारण नाही. मनातलं बोलायला घरात भीती नसेल तर माणसं जास्त मोकळेपणाने बोलतात, हे त्याचं एक कारण असू शकतं. आणि तशी झाली तर बिघडलं काय, हा प्रश्न उरतोच. समलिंगी असणं हे नुकसान आहे असं आधीच धरलं तरच त्याची भीती वाटेल.

तिसरी शंका मला सगळ्यात प्रामाणिक वाटली. "लोक त्या मुलाला चिडवतील त्याचं काय?" चिडवतात. ऑस्ट्रेलियात २०१४ साली समलिंगी पालकांच्या ५०० मुलांचा अभ्यास झाला. ज्या कुटुंबांना हेटाळणी जास्त सोसावी लागली, त्यांच्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य त्या प्रमाणात ढासळलेलं दिसलं. म्हणजे इजा खरी आहे, पण ती करणारे हात घराबाहेरचे आहेत. वर्गात जातीवरून बोलणी खाल्लेल्या मुलाच्या आईबापाला "मग मूल जन्मालाच का घातलंत" असं आपण विचारत नाही. आपण शाळेला जाब विचारतो.

हे सारे अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत. आपल्याकडे नेदरलँड्ससारखा अभ्यास करताच येणार नाही, कारण अशा कुटुंबांची नोंद करणारा रकानाच सरकारकडे नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुप्रियो खटल्यात समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. दत्तकविधानाचा नियमही तीन विरुद्ध दोन अशा मतांनी कायम ठेवला. जोडप्याने दत्तक घ्यायचं तर किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक जीवन हवं, असा तो नियम आहे. फक्त विवाहित भिन्नलिंगी जोडपंच मुलाला स्थैर्य देऊ शकतं असं दाखवणारं काहीही न्यायालयासमोर आलेलं नाही, हे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिलं, पण त्यांचं मत अल्पमतात राहिलं.

त्याचा परिणाम असा. एकटी स्त्री दत्तक घेऊ शकते, म्हणून दोघींपैकी एक कागदावर आई होते. दुसरी डबा भरते, तापात रात्र जागते आणि कायद्याच्या लेखी परकी असते. कागदावरची आई उद्या वारली तर त्या मुलाला दुसरीकडेच ठेवलं जाईल याची खात्री नाही. भारतात अशा मुलाला असलेला हा धोका कुठल्याही मानसशास्त्रीय चाचणीत मोजला जाणारा नाही.

आपल्या वाचकांना आणखी एक कागद आठवेल, जातीचा दाखला. तोही बापाच्या बाजूने मागे जातो. आंतरजातीय लग्नातल्या मुलाबद्दल रमेशभाई नायका खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की बापाची जात हे गृहीतक अखेरचं नाही. मूल अनुसूचित जाती-जमातीच्या आईकडे वाढलं आणि तिच्या समाजाच्या वाट्याचं हालअपेष्टांचं जगणं त्याने भोगलं, हे पुराव्याने दाखवता येतं. मूल कुणाचं याआधी, ते कसं आणि कुणाच्या हाताखाली वाढलं ते बघा, असं न्यायालय तिथे सांगत होतं. रेग्नेरस यांनी गट पाडताना नेमकं तेच पाहिलं नव्हतं.

त्या मुलाने मोबाइल खिशात ठेवला आणि विचारलं, "मग ताई, तो मजकूर पुन्हा कुणी पाठवला तर काय लिहू?" मी म्हटलं, एवढंच विचार : यातली किती मुलं खरंच दोन आयांकडे वाढली होती?