सेल्फीतला चष्मा आणि सजद्यातला चष्मा

अम्मीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उन्हात काळा चष्मा घालायला सांगितलं. करमाडहून शहरात जायला वेळ कुणाला? माझ्या मुलाने अम्मीचा सेल्फी काढला, खरेदीच्या एका ॲपमध्ये टाकला आणि एकेक चष्मा तिच्या चेहऱ्यावर चढवून दाखवला. तिसरा सगळ्यांना आवडला. "दादी, बिलकुल फिट!" म्हणत त्याने तो मागवला.

चष्मा आला. डॉक्टरांनी सजद्याची परवानगी दिली त्या दिवशी अम्मी तो काढायला विसरली आणि कपाळ टेकताच चष्मा जानमाजवर. ओट्यावर वाकली तरी तो घसरायचा. फोटोत फिट असलेला चष्मा चेहऱ्यावर ढिला कसा?

शाळेत मुलांना शिकवते तशी मी पट्टी घेऊन बसले. मुलाच्या मोबाइलमध्ये तो फोटो होताच. पडद्यावर अम्मीच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर २४ मिलिमीटर भरलं आणि चष्म्याची रुंदी ५२. चष्म्याच्या जुन्या कागदावर अम्मीच्या बाहुल्यांमधलं खरं अंतर ६० मिलिमीटर लिहिलेलं आहे. म्हणजे फोटोतलं माप अडीचपट केलं की खरं माप मिळतं. ५२ च्या अडीचपट १३०. फोटोने आम्हाला १३० मिलिमीटर रुंद चष्मा दाखवला होता. हातातला चष्मा मोजला तर निघाला १४६!

ही चूक कशी होते, ते समजून घ्या. असं साधं ॲप फोटोत डोळे शोधतं, दोन्ही डोळ्यांतलं अंतर घेतं आणि चष्म्याचं चित्र त्या अंतराच्या ठरावीक पटीत लहान-मोठं करून वर चिकटवतं. मान कलती असेल तर चित्रही तेवढंच कलतं करतं. म्हणजे चष्मा चेहऱ्याला बसतो की नाही हे ते तपासत नाही, चित्रच चेहऱ्याला बसवून घेतं. मग लहान फ्रेम असो की मोठी, दोन्ही फिटच दिसणार. फोटोवर कागदाचा चष्मा कापून ठेवावा, तसाच हा प्रकार.

तुमचं ॲप असंच आहे का, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. एकाच सेल्फीवर आधी लहान मुलांची फ्रेम लावा, मग मोठ्या पुरुषाची. दोन्ही तेवढ्याच रुंद दिसल्या तर त्यावरून माप ठरवू नका. काही ॲप एटीएम कार्ड चेहऱ्याजवळ धरायला सांगतात. त्या कार्डाची रुंदी सगळीकडे ८५.६ मिलिमीटर असते, त्यावरून खरं माप निघतं. काही ॲप चष्म्याचा घनाकार नमुना वापरतात. त्यात मान वळवली की पलीकडची काच अरुंद दिसते आणि काडी कानामागे जाते. सपाट चित्राला हे जमत नाही. अम्मीच्या फोटोत तर चष्मा ओढणीच्या वर तरंगत होता. खऱ्या काड्या ओढणीखालून कानावर जातात, हे त्या चित्राला ठाऊकच नव्हतं.

टोपीचं तेच. फोटोत फक्त कपाळ दिसतं, पण टोपी बसते डोक्याच्या घेरावर. भुवयांच्या जरा वरून, कानांवरून आणि मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवा. ५४ सेंटिमीटर आणि ५६ सेंटिमीटर घेराच्या टोप्या त्या चित्रात सारख्याच दिसतील. ईदच्या सकाळी मात्र एक कपाळावर रुतेल आणि दुसरी कानावर उतरेल.

स्कार्फ सगळ्यात अवघड. चष्म्याचा आकार बदलत नाही, कापड मात्र दर वेळी नव्याने पडतं. ॲपमधल्या चुण्या दुसऱ्याच कुणी घातलेल्या असतात, त्या तुमच्या हनुवटीखाली तशाच चिकटतात. आपल्या औरंगाबादी हिमरूची शाल आणि शिफॉनची ओढणी तिथे सारखीच पडलेली दिसेल. हातात घेतली की एक भरदार, दुसरी निसरडी. रंगाचा थोडा अंदाज येतो, पण सेल्फी ट्यूबलाइटखाली काढला असेल तर तोही फसवतो. त्यापेक्षा त्याच रंगाचं घरातलं कापड घ्या आणि खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात आरशासमोर चेहऱ्याला लावून बघा.

चष्म्यासाठी आम्ही शेवटी अम्मीची जुनी, नीट बसणारी फ्रेम काढली. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात. तिच्यावर ५०, १८ आणि १३५ होते. म्हणजे एका काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. परत आलेल्या चष्म्यावर पहिलाच आकडा ५८ होता. दोन काचा मिळून १६ मिलिमीटर जास्त. नेमका तेवढाच फरक माझ्या पट्टीने दाखवला होता.

नवा चष्मा आम्ही हे तीन आकडे जुळवून मागवला. या वेळी सेल्फी फक्त रंग आणि घडण बघायला वापरला. आता अम्मी सजद्यात जाते, चष्मा नाकावरच राहतो. पण ती आता आठवणीने काढून ठेवते, म्हणते, "एकदा पडला, पुरे."