माणूस कुठाय, ते सांगा

परभणीचा ख्वाजा युनूस पोलीस कोठडीत होता. जानेवारी २००३ मध्ये पोलीस म्हणाले, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप दरीत कोसळली आन् तो पळाला. घरचे हायकोर्टात गेले. सीआयडीचा तपास झाला, त्यात पळाल्याची गोष्ट खोटी निघाली. तो कोठडीतच मेला, असं सीआयडीनं म्हटलं. प्रेत मात्र घरच्यांना मिळालं नाही.

आमचं म्हणणं असं की, प्रेताचं काय केलं हे लपवलंय तोवर हा गुन्हा जुना होत नाही, रोज चालूच राहतो. संयुक्त राष्ट्रांचा १९९२चा जाहीरनामाही हेच सांगतो. नुसती भरपाई देऊन हे फिटत नाही. शोधणं आन् घरच्यांना कळवणं हे सरकारचं काम आहे, आईचं नाही.

बार्शी असो की आपला पाडा, माणूस उचलला तर त्याच दिवशी लेखी विचारू: कुठं ठेवलाय? २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं आणला नाही, तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस टाकू.