कापड कापल्यावर ऑर्डर मोडली तर



आमच्या वस्तीतल्या एक शिलाईकाम करणाऱ्या ताई मार्च महिन्यात वही आणि बिलं घेऊन आमच्याकडे आल्या. रडवेल्या झाल्या होत्या. एका जयंती मंडळाने 14 एप्रिलच्या मिरवणुकीसाठी 40 पांढरे सदरे शिवायला दिले होते. खिशावर निळ्या दोऱ्याने मंडळाचं नाव, प्रत्येकाचं माप वेगळं, कापड ताईंचंच. सदऱ्याला 600 रुपये ठरले, एकूण 24,000. आगाऊ 4,000 मिळाले. आठ दिवसांनी मंडळाच्या कार्यकर्त्याचा फोन आला, "ताई, राहू द्या. बाजारात तयार माल स्वस्त मिळाला."

ताई म्हणाल्या, "भाऊ, पूर्ण चोवीस हजार मागू का? का आपल्याच माणसांना सोडून देऊ?" आम्ही म्हणालो, दोन्ही नको, आधी वही उघडा.

1872 च्या करार कायद्यातलं कलम 73 अशा वेळी उपयोगी पडतं. एकाने करार मोडला तर दुसऱ्याला त्यामुळे जे सरळ नुकसान होतं, ते भरून मागता येतं. दंड मागता येत नाही. आणि ते नुकसान कमी करण्यासाठी आपल्याला जे करता येण्यासारखं होतं ते केलं की नाही, हेही पाहिलं जातं. म्हणून पहिला प्रश्न आम्ही विचारला, "फोन आला तेव्हा काम कुठवर आलं होतं?"

ताई जरा अडखळल्या. सोळा सदरे कापले होते, सहा शिवून खिशावर भरतकाम झालं होतं. पण फोननंतर, मंडळ पुन्हा विचार करील या आशेने, त्यांनी आणखी चार शिवले होते. त्या चारची शिलाई आम्ही हिशेबातून काढली. नाही म्हटल्यावर केलेलं काम ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. ताईंना ते आवडलं नाही, पण त्या चारांवर नाव भरलेलं नव्हतं, म्हणजे ते साधे सदरे म्हणून विकता येणार होते.

मग ताईंना कापडवाल्याकडे पाठवलं. 100 मीटर कापड 110 रुपये मीटरने, म्हणजे 11,000 ला घेतलं होतं. न कापलेलं 60 मीटर त्याने 100 रुपयांनी परत घेतलं, 6,000 सुटले. कापडाचं नुकसान 5,000 राहिलं. सोळा सदऱ्यांची कापणी 30 रुपयांनी 480, सहांची शिलाई 150 ने 900, सहा खिशांचं भरतकाम 40 ने 240. बेरीज 6,620. कापलेल्या दहांचा माल उपयोगी पडणार म्हणून त्याचे 1,000 वजा, राहिले 5,620. त्यातून आगाऊचे 4,000 गेले. मागणी 1,620 रुपयांची. बुडालेला नफाही मागता आला असता, पण त्याच दिवसांत ताईंना शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं होतं, म्हणून तो धरला नाही.

पत्र आम्हीच लिहून दिलं, एका पानाचं. ऑर्डरची तारीख, नग, दर, आगाऊ रक्कम, ऑर्डर मोडल्याची तारीख, त्या दिवशी काम कुठवर होतं, मग वरचा हिशेब. 'दंड' हा शब्द कुठेही घातला नाही. शेवटी लिहिलं: "तयार सहा सदरे आपले आहेत, पैसे देऊन घेऊन जावेत. मापवही आणि कापडाची बिलं केव्हाही पाहावीत. पंधरा दिवसांत रक्कम द्यावी ही विनंती." सोबत बिलाची प्रत आणि "माप पक्की, कापायला घ्या" असा कार्यकर्त्याचा मोबाईलवरचा निरोप छापून जोडला. तो निरोप नसता तर ऑर्डर पक्की झालीच नव्हती असं म्हणायला वाव राहिला असता. ताईंकडून माप चुकलं असतं किंवा ठरलेली मुदत टळली असती, तर आम्ही हे पत्र लिहिलंच नसतं.

मंडळाचे अध्यक्ष चिडूनच आले. "आगाऊ बुडालेच की, आता आणखी काय?" ताईंनी त्यांच्यापुढे वही ठेवली. कापड परत दिल्याचे 6,000 वजा झालेले त्यांनी बोटाने दोनदा दाखवून विचारले, आणि आवाज खाली आला. हजार रुपये तिथेच दिले, उरलेले 620 जयंतीनंतर. सहा सदरे घेऊन गेले. मिरवणुकीत ते लेझीमवाल्या पोरांच्या अंगावर दिसले.

ताईंच्या पावतीपुस्तकात आता खाली एक ओळ छापलेली आहे: "कापणीनंतर ऑर्डर रद्द केल्यास कापड व झालेल्या कामाचा खर्च द्यावा लागेल." ग्राहकाची सही त्याच ओळीखाली घ्यायची, असं आम्ही त्यांना बजावून ठेवलं आहे.